मौन अभ्यासाचे की मनाचे?



स्पर्धा परीक्षांच्या तारखा जवळ आल्या की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एक निराळे पत्र हमखास मिसळते. एरवी आपण निद्रानाशाविषयी विचारता, पित्ताविषयी विचारता, मुलांच्या हट्टाविषयी विचारता. हे पत्र मात्र बहुधा वीस ते सव्वीस वर्षांच्या वाचकाचे असते आणि त्यातली परीक्षा त्याची स्वतःची नसते, दुसऱ्याच कोणाची तरी असते. ज्याच्यावर किंवा जिच्यावर मन जडले आहे, ज्याला आजची मुले ‘क्रश’ म्हणतात, ती व्यक्ती अभ्यासाला लागली आहे आणि बोलेनाशी झाली आहे. पत्र लिहिणाऱ्याची झोप गेलेली असते. म्हणून हा विषय आरोग्यविषयक पाक्षिकात कशासाठी, असे कोणा वडीलधाऱ्या वाचकास वाटले तर त्यांनी क्षणभर थांबावे. कदाचित आपल्याच घरात कोणी तरी रात्री दीड वाजता मोबाईलचा पडदा उघडून पुन्हा मिटत असेल.

असे एक पत्र आज विस्ताराने घेतो. पत्रलेखिकेची अनुमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पत्रलेखिका चोवीस वर्षांची आहे. पुण्यात एका तपासणी प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि सदाशिव पेठेत दोन मैत्रिणींसह खोली घेऊन राहते. जेवण बाहेरच्या खानावळीत. तिथेच तिची एका तरुणाशी ओळख झाली. तो मराठवाड्यातून आलेला, राज्यसेवेच्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करणारा. रात्रीच्या जेवणानंतर दोघे कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत. तो तिला मान्सूनचे वारे आणि पंचायत राज समजावून सांगे, ती त्याला दिवसभरात आलेल्या रुग्णांच्या गमती सांगे. असे आठ महिने चालले. प्रेमाचा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारला नाही. पूर्वपरीक्षेला तीन महिने उरले आणि चहा बंद झाला. ती लिहिते : “आधी तो म्हणायचा, उद्या येतो. मग म्हणू लागला, बघतो. आता नुसते अंगठ्याचे चित्र येते. त्याला वेळ नाही, की त्याला मी नको आहे?”

(आपल्या भाषेत अंगठा दाखविणे याचा अर्थ काय होता, हे नव्या पिढीने एकदा घरातल्या आजीला विचारून पाहावे. पण तो विषयांतराचा मोह आवरतो.)

पत्रातील प्रश्न ‘हे की ते’ अशा स्वरूपाचा आहे, आणि पहिली अडचण तिथेच आहे. अभ्यासाचे ओझे आणि ओसरलेली ओढ या दोन गोष्टी एकमेकींना वगळत नाहीत. ओझे खरे असू शकते, ओढही खरी असू शकते. ओझे खरे असून ओढ मुळातच नसू शकते. म्हणून आधी ओझ्याचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा, आणि तो सुटला म्हणजे दुसराही सुटला असे समजू नये.

ओझे म्हणजे नेमके काय, ते बाहेरून दिसत नाही. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एका दिवसात, दोन-दोन तासांच्या दोन पेपरांत संपते. पण त्या चार तासांसाठी मुले सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतात आणि रात्री दहाला उठतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत नवे वाचण्यापेक्षा वाचलेले पक्के करण्याची आणि सराव पेपर सोडविण्याची धडपड चालते. एखाद्या सराव पेपरात दहा गुण कमी पडले की पुढचे दोन दिवस काळवंडतात. अशा दिवसांत मन एक साधा हिशेब करते : ज्या गोष्टीला ठरलेली मुदत नाही, ती पुढे ढकल. आईचा फोन ढकलता येत नाही, कारण ती काळजीने पुन्हा करील. खानावळीचे पैसे ढकलता येत नाहीत. चहा ढकलता येतो. जिच्याशी अद्याप कोणतेही नाव असलेले नाते नाही, तिच्यासोबतचा चहा तर सर्वांत आधी ढकलला जातो.

याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे. घड्याळाने चहाला अर्धा तास लागतो. पण आवडत्या माणसाशी बोलून परत आल्यावर पुस्तकात मन लागायला त्याहून अधिक वेळ जातो. त्यामुळे काही मुले ज्यांच्याविषयी ओढ आहे त्यांनाच अधिक टाळतात. ही गोष्ट खरी आहे; पण ती मी थोड्या संकोचानेच सांगतो आहे, कारण व्याकूळ झालेला वाचक एवढे एकच वाक्य कापून खिशात ठेवील आणि पुढचे वाचणार नाही. ‘तो मला टाळतो, म्हणजे त्याचे माझ्यावर प्रेम आहे’ या तर्काला शेवट नसतो. त्यात प्रत्येक नकार होकाराचा पुरावा ठरतो. म्हणून ही शक्यता मान्य करावी, परंतु तिच्यावर काहीही उभारू नये.

पत्रलेखिकेची दुसरी तक्रार अशी : “तो रात्री बारा वाजता ऑनलाइन दिसतो. मग मला उत्तर द्यायला काय होते?” या एका प्रश्नाने पुष्कळांची झोप नासवली आहे. अभ्यास करणाऱ्यांचा मोबाईल हा आता त्यांच्या दप्तराचाच भाग आहे. चालू घडामोडींच्या टिपणांचे, सराव प्रश्नांचे आणि आयोगाच्या सूचनांचे गट व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर असतात. रात्री बाराला ऑनलाइन असलेला मुलगा उद्याच्या सराव पेपराची फाईल उतरवून घेत असू शकतो. ‘ऑनलाइन’ या शब्दाने एवढेच कळते की त्याच्या हातात फोन आहे. त्याचे मन कुठे आहे, हे त्यावरून कळत नाही. निळ्या खुणांचेही तेच. ही दोन साक्षीदार मंडळी खटल्यातून आधीच वगळून टाकावीत.

मग पाहावे काय? मी पत्रलेखिकेला पहिली गोष्ट पाहायला सांगितली ती मौनाची दिशा. अभ्यासाचा ताण माणसाला सगळ्यांपासूनच दूर नेतो. तो रविवारचे क्रिकेट सोडतो, लग्नकार्याला जात नाही, गावच्या मित्राचा फोन उचलत नाही, केस कापायलाही आळस करतो. ओसरलेली ओढ मात्र एकाच दिशेने मौन धरते. बाकी सर्वांशी गप्पा चालू आणि एका व्यक्तीपुरता वेळ नाही, असे चित्र दिसले तर ते परीक्षेने काढलेले नसते. हे पाहण्यासाठी हेरगिरी लागत नाही. एका वस्तीत राहणाऱ्यांना सहज जे दिसते, तेवढे पुरते. त्याच्या खोलीतल्या मित्रांना खोदून विचारणे, त्याच्या सामाजिक माध्यमांवरच्या हालचाली रोज तपासणे, हे मात्र करू नये. त्यातून माहिती थोडी मिळते आणि आपली अस्वस्थता तेवढी वाढते.

पत्रलेखिकेला सहज जे दिसले ते असे. तो खानावळीत बसून जेवेनासा झाला होता, डबा घेऊन जात होता. रविवारी मैदानावर जाणारी त्याची टोळी त्याच्याशिवाय जात होती. चुलत भावाच्या साखरपुड्यालाही तो गावी गेला नव्हता. याचा अर्थ ओझे खरे होते. त्याविषयी शंका घेण्याचे कारण उरले नाही.

दुसरी गोष्ट पाहायची ती संभाषणाची सुरुवात आणि त्यातली चौकशी. मी तिला मागील तीस दिवसांचे संदेश एकदाच, दिवसाउजेडी, वही घेऊन पाहायला सांगितले. पंचवीस वेळा संभाषण सुरू झाले होते. त्यापैकी बावीस वेळा तिने सुरू केले होते. त्याने सुरू केलेली तीन अशी : खानावळ उद्या बंद आहे का, एका परीक्षेच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र कुठे करून मिळते, आणि सणाच्या शुभेच्छा, ज्या बहुधा सर्वांनाच गेल्या असाव्यात. याच महिन्यात तिच्या वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. तिने त्याला कळविले. ‘काळजी घे’ असे उत्तर आले. त्यानंतर वडील कसे आहेत, हे त्याने एकदाही विचारले नाही.

आकडा महत्त्वाचा नाही. ओझ्याखाली दबलेला माणूस संभाषण सुरू करणे सोडतोच; बावीस विरुद्ध तीन यावरून निवाडा करू नये. परंतु वडिलांचा प्रसंग मला बोलका वाटला. ताणात माणूस वेळ देऊ शकत नाही, पण ज्याच्याकडे मन आहे त्याच्या आयुष्यातील एखादी गोष्ट त्याच्या लक्षात राहते. पाच दिवसांनी, अवेळी, चार शब्दांत का होईना, ‘बाबांचे डोळे कसे आहेत?’ असे तो विचारतो. त्याला अर्धे मिनिट लागते. उत्तर उशिरा येणे यापेक्षा चौकशी मुळीच न येणे हे अधिक सांगून जाते. तरीही मी तिला लिहिले की, एका प्रसंगावर निकाल देऊ नका. त्याच आठवड्यात त्याचा सराव पेपर वाईट गेलेला असू शकतो, आणि वाईट पेपरानंतरची दोन-तीन दिवसांची आत्मकेंद्री अवस्था चांगल्या माणसांनाही येते.

इथे आणखी एक गोष्ट घडते, जी दोन्ही बाजूंनी गैरसमज वाढवते. संदेशाला लगेच उत्तर दिले नाही की मनात एक लहानसे ऋण तयार होते. दुसरा संदेश आला की ते दुप्पट होते. ‘एवढेही लिहायला वेळ नाही का?’ असा तिसरा आला की ते संभाषण उघडणेच अपराधासारखे वाटू लागते, आणि माणूस ते उघडतच नाही. पाठविणाऱ्याला वाटते, मी आठवण करून देते आहे. घेणाऱ्याला वाटते, आता मोठी क्षमा मागावी लागणार, ती परीक्षेनंतर एकदाच मागू. ओढ असणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडते. म्हणून आपल्याच संदेशांची रास मध्ये साचू दिली, तर समोरचे मौन कशाचे आहे हे ओळखण्याचा मार्ग आपणच बुजवतो.

ती रास दूर करण्यासाठी एकच संदेश पाठवावा आणि त्यात प्रश्नचिन्ह नसावे. पत्रलेखिकेने पाठविलेला असा होता : “परीक्षा होईपर्यंत मी आपणहून मेसेज करणार नाही. रागावले म्हणून नाही, तुला मोकळेपणाने अभ्यास करता यावा म्हणून. पेपर झाल्यावर पूर्वीसारखा चहा घ्यायला मला आवडेल. या मेसेजला उत्तर दिले नाहीस तरी चालेल.” यात तीन कामे होतात. जुने ऋण माफ होते. आपली इच्छा आडवळणाने न राहता स्पष्ट होते. आणि पुढचे पाऊल त्याच्या अंगणात जाऊन पडते, म्हणजे ते त्याने उचलले की नाही हे नंतर निःशंकपणे कळते. अट एकच : शब्द दिला तो पाळायचा. चौथ्या दिवशी ‘सहज आठवण आली’ असे लिहिले, तर सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते.

त्याचे उत्तर आले, “थँक्स. खरंच समजून घेतलंस.” तिने ते शंभर वेळा वाचले असावे, मलाही तिने त्याचा अर्थ विचारला. त्याचा अर्थ एवढाच, की त्याला सुटल्यासारखे वाटले. ज्याला आपण हवे आहोत त्यालाही असेच वाटते, आणि ज्याला नको आहोत त्यालाही.

यापुढचा काळ पत्रलेखिकेला फार जड गेला, आणि त्याचे कारण तिच्या स्वभावात नव्हते. डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1979 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा एकतर्फी, झपाटून टाकणाऱ्या ओढीचे सविस्तर वर्णन केले आहे. तिचे एक महत्त्वाचे निरीक्षण असे, की ही ओढ होकाराने किंवा स्पष्ट नकाराने तितकी वाढत नाही, जितकी अनिश्चिततेने वाढते. दहा संदेशांतील एकाला कधी तरी प्रेमळ उत्तर येते, म्हणून मन अकरावा पाठवायला धावते. म्हणजे आज आपल्याला जी तीव्रता जाणवते आहे, तीतला काही भाग त्या व्यक्तीमुळे नसून उत्तर न मिळाल्यामुळे आहे. पत्रलेखिकेला मी मोबाईल रात्री साडेदहानंतर स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायला सांगितला, आणि गजरासाठी साधे घड्याळ आणायला सांगितले. पहिले तीन-चार दिवस तिला अंथरुणात चुळबूळ करीत काढावे लागले. दुसऱ्या आठवड्यात झोप साडेअकराच्या सुमारास लागू लागली.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. मौनाची खरी परीक्षा पेपरापूर्वी होत नाही, ती पेपर आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत होते. पेपरापूर्वी ओझे आणि अनास्था सारख्याच दिसतात. निकालानंतर यश आले तर पुढच्या टप्प्याची धावपळ सुरू होते आणि अपयश आले तर लाजेपोटी मुले पुन्हा सगळ्यांपासून तोंड लपवितात. तेव्हाही काही कळत नाही. मधली खिडकी तेवढी उघडी असते. पेपर संपलेला असतो, शरीर झोप भरून काढते, आणि चार-सहा दिवसांनी माणूस ज्यांना भेटायचे राहिले होते त्यांच्याकडे आपणहून वळतो. तो कोणाकडे वळतो आणि कोणाकडे वळत नाही, हे तेव्हा पाहावे.

ही खिडकी किती मोठी, हे परीक्षेवर अवलंबून असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत पूर्व आणि मुख्य यांच्यात साधारण तीन महिनेच असतात, त्यामुळे उत्तीर्ण होण्याची आशा असलेले विद्यार्थी आठवड्याभरात पुन्हा टेबलाशी बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. दीर्घ उत्तरे लिहिण्याचा सराव लवकर सुरू करावा लागतो. पेपराच्या दिवशी संध्याकाळी मुले उत्तरे ताडून पाहतात, पुढे आयोगाची पहिली उत्तरतालिका येते, आणि ज्यांचे गुण काठावर आहेत त्यांची घालमेल मधल्या दिवसांतही चालू राहते. हे सारे जमेस धरून मी साधारणपणे पंधरा दिवसांची मुदत सांगतो. त्याहून कमी अन्यायाची ठरेल, आणि त्याहून अधिक म्हणजे पुन्हा वाट पाहणेच.

मात्र तारीख पुढे गेली तर मुदतही पुढे जाते. 2024 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 28 एप्रिलला व्हायची होती. ती पुन्हा पुन्हा पुढे जात अखेर 1 डिसेंबरला झाली. त्या सात महिन्यांत किती ओळखी सुकल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. अशा वेळी दुसऱ्या बाजूला थांबलेल्या व्यक्तीने किती काळ थांबायचे, हे तिने स्वतःच्या आयुष्याकडे पाहून ठरवावे. न दिलेल्या वचनासाठी सात महिने थांबण्याचे बंधन कोणावरही नाही, आणि परीक्षा देणाऱ्यावरही न मागितलेल्या प्रतीक्षेचे ऋण नाही.

पत्रलेखिकेच्या बाबतीत परीक्षा ठरल्या दिवशी पार पडली. पेपर रविवारी झाला. सोमवारी तो दिवसभर झोपला असल्याचे तिला खानावळीत कळले. बुधवारी तो जेवायला बसून होता, मित्रांशी पेपरातल्या चुकांवर हसत होता. तिला पाहून त्याने हात केला, दोन मिनिटे बोलला, “पेपर ठीक गेला” म्हणाला. पुढच्या रविवारी तो क्रिकेटला गेला. त्या आठवड्यात मित्रांसोबत सिंहगडावरही जाऊन आला. चहाचा विषय त्याने काढला नाही. ओझ्यामुळे सोडलेल्या गोष्टी एकेक करून परत आल्या होत्या. एकच परत आली नव्हती. मौनाला आता दिशा आली होती.

तरीही मी तिला तर्कावर न थांबता विचारायला सांगितले, कारण तर्कावर थांबलेले मन पुढची दोन वर्षे ‘कदाचित’ म्हणत राहते. सोळाव्या दिवशी तिने त्याला टपरीवर गाठून सांगितले, “मला तू आवडतोस. तुझ्या मनात तसे नसेल तर सांग, मी वाईट वाटून घेईन पण रागावणार नाही.” त्याने क्षणभर ग्लास हातात फिरवला आणि म्हणाला, “तू खूप चांगली आहेस. पण माझ्या मनात तसं काही नव्हतं. तुझे मेसेज यायचे तेव्हा काय लिहावं ते कळायचं नाही. अभ्यासाचं कारण खरं होतं, आणि सोयीचंही होतं.”

‘खरं होतं, आणि सोयीचंही होतं’. या प्रश्नावर इतके प्रामाणिक उत्तर मी फारसे ऐकलेले नाही. त्या मुलाविषयी मला आदर वाटला. पत्रलेखिकेला तो वाटायला अवकाश आहे. तिने कळविले आहे की चार दिवस ती रडली, पाचव्या दिवशी पोटभर जेवली, आणि खानावळ बदलली आहे.

सर्वच पत्रांचा शेवट असा होत नाही. नाशिकच्या एका वाचकाचे पत्र याच्या अगदी उलट आहे. त्याला आवडणारी मुलगी केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करीत होती. घरच्यांनी तिला सांगून ठेवले होते, ‘दोन प्रयत्न, मग स्थळे’. फोन दिवसभर आईकडे असे. ती रविवारी रात्री दोन ओळी लिही, कधी दोन-तीन रविवार काहीच नाही. पण त्या दोन ओळींत त्याच्या नव्या नोकरीची चौकशी असे, मागच्या वेळी त्याने लिहिलेल्या एखाद्या गोष्टीचा धागा असे. पूर्वपरीक्षेनंतर तिसऱ्या संध्याकाळी तिनेच फोन केला. पुढे मुख्य परीक्षेचा अभ्यास सुरू झाल्यावर ती पुन्हा गप्प झाली आणि वाचकाने घाबरून मला लिहिले. त्याला मी एवढेच कळविले की खिडकी उघडली होती आणि तिने हाक दिली होती. आता पुन्हा मोजमाप करू नये. मुलींच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवावे, की दूर जाण्याचे कारण अभ्यास किंवा अनास्था यांपैकी कोणतेच नसून घरातली पाळत असू शकते. जो फोन इतरांच्या हातात असतो त्यावर भावनेने भरलेले संदेश पाठविणे म्हणजे तिच्या अभ्यासावर गदा आणणे होय.

आणखी एका प्रकारचे मौन सांगायचे राहिले, आणि ते ओळखण्यासाठी वरचे कोणतेही निकष उपयोगी नाहीत. पेपर झाल्यानंतरही जो कोणाकडेच वळत नाही, क्रिकेटकडे नाही, घराकडे नाही, जेवणाकडेही नाही. जो दोन आठवडे उलटूनही रात्र रात्र जागा असतो किंवा दिवसभर उठत नाही. ‘माझ्याने काही होणार नाही’, ‘मी घरच्यांवर ओझे आहे’ असे जो बोलतो. आपल्या वस्तू, पुस्तके वाटून टाकू लागतो, त्याचे मौन आपल्याविषयी नाही. तिथे आपल्या प्रश्नाचे उत्तर मागू नये. त्याच्या खोलीतल्या मित्राला किंवा भावंडाला स्पष्ट सांगावे, ‘आज रात्री याला एकटे सोडू नका’, आणि ‘तुला जगणे नकोसे वाटते आहे का?’ असे सरळ विचारायलाही त्यांना सांगावे. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन त्यानेच केला पाहिजे असे नाही. त्याच्यासाठी तुम्हीही करू शकता, आणि तुमचे त्याच्याशी नाते काय, याची काळजी त्या वेळी करण्याचे कारण नाही.